आमची वाटचाल : पाकिटावरचा मजकूर आणि मांडणी

सोलापुरी शेंगदाणा चटणी आम्ही सुरुवातीला साध्या पारदर्शक पिशवीत भरून, वर एक स्टिकर चिकटवून विकत होतो. मागणी वाढल्यावर 200 ग्रॅमचे छापील, उभे राहणारे झिपलॉक पाकीट करण्याचे ठरले. चित्रकाराने केलेली पुढची बाजू देखणी होती, पण कायद्याने आवश्यक असलेला मजकूर चित्र पूर्ण झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यांत बसवायचा, अशी तिची आखणी होती. आम्ही हा क्रम उलटा केला. आधी सक्तीच्या मजकुराच्या चौकटी आखल्या आणि उरलेली जागा चित्रासाठी सोडली. आजही आमच्याकडे प्रत्येक नव्या पाकिटाचे काम याच क्रमाने होते.

पुढच्या बाजूवर सर्वांत जास्त विचार वजनाच्या ओळीचा करावा लागतो. वैध मापनाच्या 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार या ओळीभोवती मोकळी जागा सोडावी लागते. वर आणि खाली आकड्याच्या उंचीइतकी, तर डावीकडे व उजवीकडे त्या उंचीच्या दुप्पट. आमच्या पाकिटावर आकडा 4 मिमी उंच आहे आणि वजनाची पूर्ण ओळ 28 मिमी रुंद. म्हणजे प्रत्यक्षात 44 मिमी रुंद आणि 12 मिमी उंच असा पट्टा रिकामा ठेवावा लागतो. चित्र आधी काढले तर हा पट्टा ठिगळासारखा दिसतो. तो आधीच ठरवला तर चित्रकार तिथे सपाट रंग ठेवतो आणि ती मोकळी जागा रचनेचाच भाग वाटते. शाकाहारी चिन्हाचेही तसेच आहे. दर्शनी भाग 100 ते 500 चौरस सेंटिमीटर असेल तर हिरवे वर्तुळ किमान 4 मिमी व्यासाचे आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट लागते, शिवाय ते पदार्थाच्या नावाजवळच हवे. आमचे मराठी नाव मोठ्या अक्षरांत आहे. परंतु सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागत असल्यामुळे त्याच्या खाली इंग्रजी नावही वाचता येईल एवढे दिले आहे.

चित्रामुळे मजकूर वाढतो, ही गोष्ट चित्रकारांना सहसा ठाऊक नसते. एखादा घटक शब्दांतून किंवा चित्रातून ठळकपणे दाखवला, तर त्याचे प्रमाण टक्क्यांत लिहावे लागते. आम्हाला पुढे लसणाच्या पाकळ्या हव्याच होत्या, म्हणून घटकांची यादी अशी झाली : शेंगदाणे (78%), लाल तिखट, लसूण (6%), मीठ, जिरे. क्रम वजनाने उतरता असतो. आमच्या कमी तिखट प्रकारात तिखट 5 टक्के आणि लसूण 8 टक्के असल्यामुळे तिथे लसूण दुसऱ्या क्रमांकावर येतो. शेंगदाणा हा ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांपैकी असल्याने यादीखाली तसा उल्लेख स्वतंत्र ओळीत केला आहे.

मागच्या बाजूचा सगळा सक्तीचा मजकूर आम्ही एकाच फिक्या चौकटीत आणि फक्त काळ्या रंगात ठेवतो. रोटोग्रॅव्हर छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो. घटक, पत्ता किंवा परवाना क्रमांक बदलला, तर केवळ काळा सिलिंडर नव्याने करावा लागतो. गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरे दिली आणि रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत, तर अक्षरांच्या कडा भरून जातात. पोषणमूल्यांच्या तक्त्यातले दशांश चिन्ह सर्वांत आधी बुजते.

बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत, किंमत आणि प्रति ग्रॅम दर हा मजकूर आम्ही भरणाच्या वेळी छापतो. नियमांप्रमाणे आधी छापलेला मजकूर एका ठिकाणी आणि भरताना छापायचा मजकूर दुसऱ्या एका ठिकाणी एकत्र देता येतो. त्यामुळे झिपलॉकच्या वर एक कोरी पट्टी पुरते. चटणीला तेल सुटते आणि तेलकट पृष्ठभागावर शाई धरत नाही, म्हणून छपाई भरण्याआधी, रिकाम्या पाकिटावर करतो.

मंजुरी देण्यापूर्वी आर्टवर्क मूळ मापात छापून, कापून, भरलेल्या पाकिटावर चिकटवून पाहावे. पाकीट भरले की तळाची घडी उघडते आणि पोट फुगते. तळापासून तीन-चार सेंटिमीटरांतली ओळ उभ्या पाकिटावर वाचता येत नाही, आणि बाजूच्या सीलवरची अक्षरे तर दबूनच जातात.

सध्या 50 ग्रॅमच्या पाकिटाचे काम चालू आहे. एकूण पृष्ठभाग 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असलेल्या पाकिटांना घटकांची यादी आणि पोषणमूल्ये यांतून सूट आहे. मात्र आमचे पाकीट 80 बाय 120 मिमीचे असल्यामुळे एकच बाजू 96 चौरस सेंटिमीटर भरते आणि ती सूट लागू होत नाही. म्हणून मागच्या बाजूवरची भाकरीसोबत खाण्याची कृती आणि आमच्या घराण्याची माहिती काढून टाकली आहे. अक्षरे मात्र बारीक केलेली नाहीत.