सोनोमीटर अपडेट : वरवंट्याची घनता ४.०७ का येत होती ते सापडलं!

तारेच्या सुरावरून दगडाची घनता काढायचा, मागच्या वेळी सांगितलेलाच सेटअप आहे, ०.५ मिमी स्टीलची तार, दोन ब्रिजमधे ६० सेंमी, कप्पीवरून खाली तीन किलोचा वरवंटा. हवेत १११ हर्ट्झ, बादलीत पूर्ण बुडवला की ९६.४. पाणी दगडाचं थोडं वजन उचलतं, ताण कमी होतो, सूर उतरतो, इथवर ठीक. पण फ्रिक्वेन्सीचा वर्ग ताणाच्या प्रमाणात धरून गणित केलं तर दगडाची सापेक्ष घनता ४.०७ येते, आणि आपला काळा बेसॉल्ट २.९ च्या आसपास असतो हो!

आधी संशय बुडबुड्यांवर, कारण टाकी लावलेल्या दगडाच्या खड्ड्यांत हवा अडकतेच. पण हवा अडकली तर उत्प्लावन वाढेल आणि घनता उलट कमी दिसेल, म्हणजे ते नाही. दगड तळाला टेकला तरी घनता कमीच दिसते, तेही बाद. मग बादली काट्यावर ठेवून दगड तळाला न लावता पाण्यात लटकवला, काटा १.०३ किलोने वाढला. ३ भागिले १.०३, म्हणजे २.९१. दगड सरळ आहे, घोळ तारेच्या बाजूला.

आणि मग सापडलं. पाण्यात असतानाच वरवंटा हाताने जरा उचलून हलकेच सोडला आणि तार छेडली तर ९०.१! तोच दगड, तेच पाणी. कप्पी घर्षणाने अडते, त्यामुळे वजन कमी झालं की आडव्या तारेत जुना ताण थोडा शिल्लक राहतो आणि वजन वाढलं की सगळा ताण पलीकडे पोचत नाही. दोन्ही आकड्यांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घेतलं तर ९३.३ येते. हवेतही दोन्ही बाजूंनी घेतलं, १११ आणि ११९, तिथे सरासरी ११५. आता घनता २.९२!! इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

लॅब-सेटसोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या कप्प्या माझ्या मते या कामाला निरुपयोगी आहेत, ६०८ बेअरिंग घ्या, स्वस्त मिळतं, फक्त आतलं घट्ट ग्रीस धुवून टाका. आणि तार हळूच छेडा, जोरात छेडली की सुरुवातीला सूर चढा दिसतो, म्हणून ॲपवर रीडिंग आवाज विरत आल्यावरच घ्यायचं.

पुढे बेअरिंग लावून सगळं परत करणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय कप्पीच काढून टाकावी. तार उभी टांगायची, खालचं टोक घट्ट पकडीत आणि पकडीच्या खाली दगड... नाही, पकड फ्रेमला बांधली तर तीच वजन घेईल. त्यापेक्षा पकडच मोकळी लटकवायची, एवढ्या वजनापुढे मीटरला दीड ग्रॅम भरणाऱ्या तारेला ती जवळपास स्थिरच. मग दगडाऐवजी लांब सळई लावून हळूहळू बुडवता येईल, बुडालेली लांबी आणि फ्रिक्वेन्सीचा वर्ग यांची सरळ रेषा यायला हवी. धरणांची गळती मोजायला व्ही-नॉचपाशी पाण्याची पातळी बघतात ते व्हायब्रेटिंग वायर सेन्सर असेच चालतात, अर्धवट बुडालेला सिलिंडर तारेला टांगलेला. कुणाकडे फूटभर लांब, एकसारख्या जाडीची ॲल्युमिनियमची सळई पडली असेल तर सांगा, पितळेपेक्षा तिच्यात फरक जास्त दिसेल.