तुम्ही विचारलंत म्हणून : टचिंग केलेला एक चेहरा

«काका, रोज रात्री हिरोंचे फोटो बघतो आणि मग आरशात स्वतःला बघतो. नाक मोठं, गालावर खड्डे, अंगानं काटकुळा. माझ्यासारख्या मुलावर कोणी प्रेम करायचं तरी कशासाठी? समजूत नका काढू, खरं सांगा.»

नागपुरात तीस-पस्तीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला हे नेहमी ऐकावे लागते. बायोडाट्यासाठी फोटो काढायला येणारी मुले मोबाइलमधला एखादा चेहरा समोर धरतात आणि जाताना हाच प्रश्न ठेवून जातात. आजवर मी तो हसून टाळत आलो. त्याचा मला आता कंटाळा आला आहे आणि थोडी लाजही वाटते, कारण त्या प्रश्नाशी माझे जुने देणेघेणे आहे. ते पुढे सांगतो. आधी माझ्या धंद्यातले सांगतो, कारण तेवढेच मला खात्रीने ठाऊक आहे.

तुमचे नाक मोठे आहे, असे तुम्ही मोबाइलकडे बघून ठरवले असेल, तर तो पुरावा मी मानणार नाही. सेल्फी काढताना कॅमेरा नाकाच्या टोकापासून अनेकदा तीस-पस्तीस सेंटिमीटरवरच असतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतची खोली साधारण 12 सेंटिमीटर धरा. म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने नाक 30 सेंटिमीटरवर आणि कान 42 वर. जवळची वस्तू मोठी दिसते, या साध्या नियमाने तुमचे नाक कानांच्या मानाने 40 टक्क्यांनी फुगते आणि कान मागे सरकल्यासारखे दिसतात. हाच कॅमेरा दोन मीटरवर नेला की अंतरे 200 आणि 212 होतात, आणि फरक 6 टक्क्यांवर येतो. सिनेमातला क्लोज-अप बहुधा लांबची लेन्स लावून, पुरेशा अंतरावरून घेतात. म्हणजे रोज रात्री तुम्ही हातभर अंतरावरून काढलेला स्वतःचा चेहरा त्याच्या कितीतरी पट अंतरावरून टिपलेल्या चेहऱ्याशेजारी ठेवता आणि दोष मात्र नाकाला देता.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक मुलगा आला होता. त्याला मी पांढऱ्या भिंतीसमोर स्टुलावर बसवले, हातभर अंतरावरून त्याच्याच मोबाइलने एक फोटो काढला, मग दोन मीटर मागे जाऊन 85 मिलिमीटरची लांबची लेन्स लावून दुसरा काढला. प्रकाश तोच, चेहरा तोच, मधे केवळ एक मिनिट. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मी वरची ट्यूबलाइट बंद केली, कारण वरून पडणारा प्रकाश डोळ्यांखाली आणि गालाच्या प्रत्येक खड्ड्यात सावली भरतो, आणि समोरून, जरासा बाजूला, पांढऱ्या कापडामागून मोठा, मऊ प्रकाश दिला. खड्डे होते तिथेच होते, त्यांच्यातली सावली तेवढी गेली.

त्वचेच्या सफाईचेही असेच आहे. सिनेमात एका सेकंदाला 24 चित्रे असतात. पाच सेकंदांच्या क्लोज-अपची 120 चित्रे झाली, आणि त्यातल्या प्रत्येकावरचा डाग संगणकावर पुसता येतो. शरीराचे म्हणाल, तर हेन्री कॅव्हिल या नटाने 2019 साली स्वतः सांगितले आहे की उघड्या अंगाच्या दृश्याआधी तो तीन दिवस पाणी कमी करत नेई : पहिल्या दिवशी दीड लिटर, दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर, तिसऱ्या दिवशी काहीच नाही, आणि चौथ्या दिवशी चित्रीकरण. त्वचेखालचे पाणी कमी झाल्याने स्नायू उठून दिसतात. तसे शरीर त्या नटालासुद्धा रोज वागवता येत नाही. (आपल्याकडे मे महिन्यात हा प्रयोग कोणी करू नये. पारा 45 च्या घरात असताना चौथ्या दिवशी चित्रीकरणाऐवजी सलाईन लागेल.)

हे सगळे ऐकून तो मुलगा म्हणाला, «ते ठीक आहे काका, पण एवढं सगळं केलं तरी मी त्याच्यासारखा दिसणार नाही ना?» नाही दिसणार. पडद्यावर येणारी माणसे मुळातच निवडलेली असतात आणि हे सगळे त्या निवडीनंतरचे काम असते. दिसण्याने काही फरक पडत नाही, असे मी तुम्हाला सांगणार नाही. दिसण्याने फरक पडतो, यावरच माझा स्टुडिओ चालतो.

आता ते देणेघेणे.

1990 साली मी 26 वर्षांचा होतो आणि सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत टचिंगचे काम करत होतो. तेव्हा 120 च्या रोलची कृष्णधवल निगेटिव्ह असे. तिच्या एका बाजूला औषध चोळून तो भाग किंचित खरबरीत करायचा, खालून उजेड येणाऱ्या तिरक्या काचेवर ती ठेवायची, आणि भिंगातून बघत अणकुचीदार पेन्सिलने बारीक ठिपके भरायचे. प्रिंटमध्ये जे काळे येणार, ते निगेटिव्हवर पारदर्शक असते. त्यामुळे मुरमांचा प्रत्येक खड्डा तिथे एक लहानशी उजळ जागा होऊन दिसे. ती पेन्सिलीने भरली की प्रिंटमध्ये खड्डा नाहीसा. हात हलका हवा. जास्त भरले, तर गालावर पांढरा डाग उमटतो आणि लबाडी पकडली जाते.

माझा हात हलका होता आणि माझे दोन्ही गाल तुमच्या गालांसारखेच होते. भिंतीवर नटांची पोस्टरे लावण्याचे ते दिवस होते, आणि त्या गुळगुळीत चेहऱ्यांवर माझ्यासारखाच कोणी पेन्सिल घेऊन बसला असेल, हे धंद्यात असूनही मला सुचले नाही. स्थळांना पाठवायचा फोटो मी मालक गेल्यावर रात्री काढला. त्यावर तीन रात्री बसलो. पहिल्या रात्री खड्डे भरले, दुसऱ्या रात्री डोळ्यांखालचा काळेपणा, आणि तिसऱ्या रात्री प्रिंट काढताना उजेड थोडा कमी वेळ देऊन रंग उजळ केला. इतके चांगले काम मी त्याआधी केले नव्हते, नंतरही फारसे केले नाही.

त्या फोटोवर नागपुरातल्याच महाल भागातून होकार आला आणि आम्ही बघायला गेलो. आई, मामा आणि मी. जून लागला होता, पाऊस नव्हता, आणि मी चौकातून चालत आल्यामुळे घामाने भिजलो होतो. सतरंजीवर बसल्यावर पोहे आले. मुलीची एक म्हातारी आत्या कोपऱ्यात बसली होती. तिने उशीखालून माझा फोटो काढला, चष्मा सारखा केला, आधी फोटोकडे, मग मामांकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि अगदी साधेपणाने विचारले, «फोटोतले ते मागून येऊन राहिले का जी?»

कोणी मोठ्याने हसले नाही. मुलीच्या वडिलांनी घाईघाईने «हेच ते, हेच ते» म्हटले, मामांनी पोह्यांची तारीफ केली, आणि आई माझ्याकडे न बघता पदराने वारा घेत राहिली. आत्याला मात्र पटले नव्हते. तिने फोटो दुसऱ्या हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. तिचा अंगठा माझ्या उजव्या गालावर होता, जिथे मी पहिली रात्र घालवली होती. मुलगी ट्रे घेऊन उभी होती, तिने मान वर केली नाही. आठवड्याभराने नकार आला. फोटो परत येण्याची रीत होती, तो आला नाही, आणि मागायला जायची हिंमत आमच्यापैकी कोणाला झाली नाही.

पुढची कित्येक वर्षे मी स्वतःला सांगत आलो की माझ्या चेहऱ्याला नकार मिळाला. त्या समजुतीत एक सोय होती. चेहरा माझ्या हातातला नव्हता, म्हणून माझी चूकही नव्हती. पुढे ग्राहकांचे फोटो काढताना कळू लागले की त्या दिवशी त्या घराला चेहऱ्याहून जास्त खटकली असेल ती फसवणूक. ज्या मुलाने फोटोतच असे केले, तो पगार, वय, कर्ज याबाबत काय करेल, असे एखाद्या बापाला वाटले, तर त्याचे काय चुकले? हे मी आता शांतपणे लिहू शकतो. पण 26 वर्षांचा मी आजही उलट विचारतो : टचिंग न करता फोटो पाठवला असता, तर त्या सतरंजीपर्यंत तरी पोहोचलो असतो का? त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित नसतो पोहोचलो. त्याच्या प्रश्नात तथ्य आहे, आणि ते नाकारून मी तुम्हाला उपदेश करू लागलो, तर तो पुन्हा टचिंगच ठरेल.

एवढे मात्र त्याला सांगावेसे वाटते की तू तीन रात्री त्या चेहऱ्यावर काम केलेस, पण त्या घरात गेल्यावर त्या मुलीशी एक शब्दही बोलला नाहीस. तिला काय आवडते, तिला हे लग्न हवे होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. माझे सगळे लक्ष माझ्या गालांकडे होते. तुमच्या प्रश्नातही मला तेच दिसले. नाक आहे, गाल आहेत, हिरो आहे, आणि जिने प्रेम करायचे ती मुलगी कुठेच नाही. ती कोण, ती कशावर हसते, तिला कशाचा राग येतो, हे काहीच तुम्ही लिहिलेले नाही. हे बोलणे कडू लागेल, पण खरे सांगा, असे तुम्हीच म्हणालात.

पुढे 1993 साली माझे लग्न झाले. तिने मला फोटोआधी प्रत्यक्षच पाहिले होते, इतवारीत एका नातेवाइकांच्या घरी. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी तिला आवडलो नव्हतो, असे ती आजही चारचौघांत सांगते. मग कधी आवडू लागलो, हे विचारले, तर तिला सांगता येत नाही, आणि मला ऐकून अजूनही थोडे लागते.

एक गोष्ट मात्र धंद्याच्या बाहेरची. आरसा, सेल्फी, एकच खोट पुन्हा पुन्हा तपासणे, यात तुमचा रोज तासभर किंवा जास्त वेळ जात असेल, लोकांनी बघू नये म्हणून कॉलेज किंवा काम टाळले जात असेल, आणि इतरांना ती खोट दिसतसुद्धा नसेल किंवा किरकोळ वाटत असेल, तर तो निव्वळ न्यूनगंड नसू शकतो. डॉक्टर त्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. बोलण्याच्या उपचाराने आणि गरज पडल्यास औषधांनी तो कमी होतो, लेन्स बदलून होत नाही. मागच्या उन्हाळ्यातल्या त्या मुलाने माझे दोन्ही फोटो पाहिले, मान डोलावली आणि दारातून बाहेर पडताना काचेत पुन्हा नाक बघितले. तेव्हा मी त्याला आपल्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाची ओपीडी सुचवली. तो गेला की नाही, मला कळले नाही. तुमचेही तसे असेल, तर तिथे आधी जा, आणि जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर उद्यावर टाकू नका, घरातल्या कोणाला तरी आजच सांगा.

तसे नसेल, तर कधीही या. मी फोटो दोन मीटरवरून काढीन, प्रकाश मऊ देईन, आणि कपाळावर कालच आलेला मुरूम असेल तर तो पुसून देईन, कारण तो आठवड्याभरात तसाही जाणार असतो. गालावरचे खड्डे मात्र राहू देईन. तुम्ही कितीही पैसे देऊ केलेत तरी.