परवा, सात नंबर आणि ‘बघू’

सोमवार, 14 ऑक्टोबर 2024. बुधवारपासून प्रथम सत्र परीक्षा सुरू होणार होती आणि सुपरव्हिजनची नोटीस अजून निघालेली नव्हती. पाचवी ते आठवीचा परीक्षा विभाग माझ्याकडे आहे. मधल्या सुट्टीत मोठ्या बाई स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “आत्ता सगळे आहात, बोलून घ्या. पाचपर्यंत माझ्या टेबलावर कागद पाहिजे.”

बोलणं वीस मिनिटं चाललं. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पेन आणि समोर जुन्या प्रश्नपत्रिकेची कोरी पाठ. सगळे एकदम बोलत होते. कुणाला कोजागरीचं जागरण असल्यामुळे गुरुवार नको होता, कुणाला शनिवारच हवा होता, कारण त्या दिवशी सकाळी आठला पेपर असतो आणि साडेदहाला मोकळं होता येतं. घंटा झाली तेव्हा सगळं ठरलंय असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

चौथ्या तासाला ऑफ होता म्हणून संगणकापुढे बसले. काम तसं सरळ होतं. परीक्षा 16 ते 22, मध्ये रविवार, म्हणजे सहा दिवस. खोल्या बारा, तळमजल्यावर 1 ते 6 आणि वर 7 ते 12. आम्ही अठरा जण. रोज बारा जण खोल्यांवर, प्रत्येक मजल्याला एक असे दोन रिलिव्हर, ज्यांच्या विषयाचा पेपर ते दोघे शंका बघायला मोकळे, आणि उरलेले दोघे प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांजवळ. उभे दिवस, आडव्या खोल्या असा तक्ता आखला आणि कागदावरची पहिली ओळ भरायला घेतली.

ओळ होती : “परवा – हिंदी सर – 4.”

सोमवारी ‘परवा’ म्हणजे बुधवार, म्हणून 16 तारखेला खोली 4 समोर त्यांचं नाव टाकलं. टाकल्यावर शंका आली. ‘परवा’ हा शब्द पुढेही जातो आणि मागेही. सर “परवा चारला मी आहे” म्हणाले होते की “परवा चारला मीच होतो”? त्यांना वर्गाबाहेर बोलावून विचारलं. ते म्हणत होते, घटक चाचणीला चार नंबरमध्ये मीच होतो, तिथला पंखा बंद आहे, आता दुसऱ्याला पाठवा. मी नेमकं त्यांनाच परत तिथं बसवत होते. त्यानंतर कागदावरच्या प्रत्येक ‘उद्या’, ‘परवा’, ‘पहिल्या दिवशी’ वर काट मारून तारीख आणि वार दोन्ही लिहिले. दोन्ही यासाठी, की तारीख टाइप करताना चुकली तर वार ते उघडं पाडतो.

पुढची भानगड वर्गांच्या नावांची. बोलताना आम्ही खोलीला तिथं भरणाऱ्या तुकडीच्या नावानं ओळखतो. ‘आठवी अ मध्ये कोण?’ एरवी त्यात काही चुकत नाही. पण परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून एका बाकावर पाचवीचा आणि सातवीचा, किंवा सहावीचा आणि आठवीचा असे विद्यार्थी बसवतो. त्यामुळे ‘आठवी अ’ची अर्धी मुलं एका खोलीत, अर्धी दुसरीकडे, आणि खुद्द आठवी अ च्या खोलीत अर्धी मुलं सहावीची. म्हणून तक्त्यात फक्त खोली क्रमांक ठेवले. कुठल्या खोलीत कोणत्या तुकडीचे कोणते हजेरी क्रमांक, ते बैठक व्यवस्थेच्या वेगळ्या कागदावर.

नावं भरून झाल्यावर मी तक्ता दोनदा वाचते. आधी प्रत्येक दिवसाचा रकाना वरून खाली : अठरा नावं, प्रत्येक एकदाच. मग एकेक माणूस धरून सहा दिवस. पहिल्या वाचनात शुक्रवारी इंग्रजीच्या मॅडम खोली 11 वर आणि वरच्या मजल्याच्या रिलिव्हरही सापडल्या. त्यातून त्या दिवशी पेपर त्यांचाच. दुसऱ्या वाचनात पीटीचे सर सहाही दिवस वरच्या मजल्यावर निघाले, आणि शनिवारी आठलाही. त्यांना शनिवारचं विचारलं होतं तेव्हा ते “बघू” म्हणाले होते, आणि मी ते ‘हो’ म्हणून लिहून घेतलं होतं. इतकी वर्षं स्टाफरूममध्ये काढूनही! ‘बघू’ म्हणजे नाहीच. फक्त सगळ्यांसमोर नाही म्हणायचं नसतं. मैदानावर जाऊन विचारलं तर म्हणाले, वडिलांचं डायलिसिस शनिवारी सकाळी असतं. त्यांना त्या दिवशी साडेनऊनंतर गठ्ठ्यांवर घेतलं. कारण अर्थातच नोटिशीत नाही. ती भिंतीवर लागते.

साडेचारला कागद घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. तक्ता त्यांनी नजरेखालून घातला आणि खालच्या मजकुरावर लाल पेन टेकवलं. मी लिहिलं होतं : “उत्तरपत्रिका वेळेत पर्यवेक्षकांकडे जमा करण्यात याव्यात.”

“कोणी? किती वाजता? आणि कोणते पर्यवेक्षक?”

शाळेत पर्यवेक्षिका हे पद आहे, त्यांची केबिन आहे. आणि परीक्षेच्या खोलीवर जो उभा असतो तोही पर्यवेक्षकच. माझ्या वाक्यानुसार खोलीवरच्या माणसानं उत्तरपत्रिका स्वतःलाच द्यायच्या होत्या. ‘करण्यात याव्यात’ हे आमचं सगळ्यांचं लाडकं क्रियापद. लिहिलं की सूचना भारदस्त दिसते, आणि काम कुणाच्याच गळ्यात पडत नाही. स्टाफरूममधल्या “मामा आणतील की” या वाक्यात निदान मामा तरी होते.

परत बसून ती सगळी वाक्यं फिरवली. “वर्ग पर्यवेक्षकांनी 10.40 वाजता खोली क्र. 1 मधून आपल्या खोलीच्या प्रश्नपत्रिका मोजून, सही करून घ्याव्यात. पेपर संपल्यावर उत्तरपत्रिका इयत्तावार, हजेरी क्रमांकाने लावून व उपस्थितांच्या संख्येशी पडताळून 1.15 पर्यंत परीक्षा विभागप्रमुखांकडे द्याव्यात.” शनिवारच्या वेळा वेगळ्या ओळीत आल्या : 7.40 आणि 10.15. खोली 1 मध्ये गठ्ठे ठेवायचे हे लिहिताना लक्षात आलं की तिथं मुलंही बसणार आहेत. मग खोली 1 च्या जागी ग्रंथालय केलं.

मंगळवारी सकाळी सूचना क्र. 31 सूचनावहीत चिकटवून मामांनी फिरवली. अठरा सह्या झाल्या. तिसऱ्या तासाला चित्रकलेच्या मॅडम आल्या.

“अगं, मी सात नको म्हटलं होतं ना? आणि चार दिवस सातच!”

मी कागद काढला. “ड्रॉइंग – सात नको.” मी ते ‘सातवी नको’ असं वाचलं होतं. मिसळून बसवल्यावर सातवी टाळण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून सोडून दिलं. त्यांना खोली 7 नको होती. खिडकी पूर्वेला, बारापर्यंत ऊन थेट टेबलावर, आणि त्यांना मायग्रेन.

खोली 9 वरचे विज्ञानाचे सर बदलायला लगेच तयार झाले, आणि मी वहीतच पेननं बाण काढायला निघाले. मोठ्या बाईंनी वही मिटली. सह्या झालेल्या सूचनेत हात घालायचा नाही. नाहीतर कुणी कोणत्या मजकुराखाली सही केली, तेच कळत नाही. नवा कागद निघाला.

“सूचना क्र. 32. सूचना क्र. 31 मधील तक्त्यात दि. 16, 17, 19 व 21 ऑक्टोबर रोजी खोली क्र. 7 व खोली क्र. 9 यांसमोरील वर्ग पर्यवेक्षकांची नावे परस्पर बदलून वाचावीत. उर्वरित सूचना कायम.”

पुन्हा अठरा सह्या. विज्ञानाच्या सरांनी सही करता करता विचारलं, “सातला पडदा लावून मिळेल का?”

मी म्हटलं, “बघू.”