८६ लाखांना ‘नाही’ म्हणताना: टोकन, एजंट आणि लेखी उत्तर

नेरुळचं घर विकायला काढलं तेव्हा कागदपत्रं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घर दाखवणं, हे सगळं बिनबोभाट झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. डोकं फिरलं ते एका ‘नाही’पाशी. मागणी ९५ लाखांची होती. एका पार्टीकडून ८६ चा आकडा आला, तोही ‘सगळं धरून’. आकडा मान्य नव्हता, पण पार्टी चांगली होती: बँकेचं कर्ज आधीच तोंडी मंजूर, विकायला दुसरं घर मध्ये अडकलेलं नाही, ९० दिवसांत पूर्ण रक्कम. असा माणूस नुसत्या किमतीपायी घालवायचा नसतो.

आणि मी काही उत्तर देण्याआधीच खात्यात यूपीआयने ५१,००० रुपये येऊन पडले. नंबर एजंटने परस्पर दिलेला. त्याचं म्हणणं, ‘मॅडम, टोकन आहे, पार्टी सिरियस आहे, राहू द्या.’ यावर माझा राग अजून गेलेला नाही. टोकन म्हणजे किंमत ठरल्याची खूण. ते खात्यात ठेवून आपण आठवडाभर घासाघीस करत बसलो, तर उद्या समोरचा म्हणू शकतो की ८६ ला होकार होता म्हणूनच पैसे ठेवून घेतले. कोर्टात शेवटी काय ठरेल ते पुढचं. पण तेवढ्या वादाने दुसरा ग्राहक बिचकतो आणि घर अडकून पडतं. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी पैसे परत, मग किमतीचं उत्तर.

परत करतानाही घाई नको. मेसेजवर विसंबू नये, खात्याच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम खरंच जमा झाली आहे का ते पाहावं, कारण ‘चुकून पैसे आले, या नंबरवर परत करा’ असली फसवणूक सर्रास चालते. जिथून आले तिथेच परत पाठवायचे. एजंटच्या खात्यावर नाही, ‘माझ्या भावाच्या नंबरवर टाका’ म्हटलं तरी नाही. एनईएफटीने आले असतील आणि पाठवणाऱ्याचा खातेक्रमांक दिसत नसेल, तर त्याच्याकडून रद्द केलेला चेक लेखी मागवावा. चेक हातात दिला असेल तर तो बँकेत भरायचाच नाही. फोटो काढून, पोच घेऊन परत द्यायचा. यूपीआयच्या नोंदीत मी एवढंच लिहिलं: ‘टोकन परत, व्यवहार ठरलेला नाही.’

मग उत्तर. ते एजंटला फोनवर सांगू नये. तोंडी ‘नाही’ पार्टीपर्यंत पोहोचेतो ‘मालक ९० ला तयार आहेत’ असं होतं, कारण त्याला सौदा लवकर क्लोज करायचा असतो. एजंट आणि पार्टी दोघांना एकत्र व्हॉट्सअॅपवर लिहावं. मी पाठवलेला मजकूर असा:

‘नमस्कार. ८६ लाख, सर्व खर्च धरून, ९० दिवसांत पूर्ण रक्कम, हा आपला प्रस्ताव मिळाला. या किमतीला घर देणं शक्य नाही. आपले ५१,००० रुपये त्याच खात्यावर परत केले आहेत. व्यवहार ठरलेला नाही. ९० दिवसांची मुदत आणि कर्जाने रक्कम देणं मला मान्य होण्यासारखं आहे. सिडकोचं हस्तांतर शुल्क किमतीपासून वेगळं धरून सुधारित आकडा रविवारपर्यंत लेखी कळवलात, तर पुढे बोलू. तोवर घर इतरांना दाखवणं चालू राहील.’

यात ‘नाही’ फक्त किमतीला आहे आणि जे पटलं ते नाव घेऊन सांगितलं आहे. ‘बघू’, ‘कमीजास्त करू’ असे शब्द टाळले, कारण त्यातून प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो. ‘बाजारभाव माहीत नाही का’ असा टोमणाही नको. उद्या त्याच माणसासोबत रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर बसायचं असतं.

‘सगळं धरून’ फोडून घेणं फार महत्त्वाचं. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरच्या घराला हस्तांतर शुल्क लागतं, ते क्षेत्रफळावर ठरतं, आणि ते कोणी भरायचं हे बोलण्यावर असतं. शिवाय एजंटची दलाली साधारण एक टक्का, म्हणजे ८६ लाखांवर ८६,००० रुपये. सोसायटीच्या हस्तांतर प्रीमियमला मात्र महानगरपालिका हद्दीत २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. तिथे कोणी ‘डोनेशन’ म्हणून जास्त मागत असेल तर तो खर्च किमतीत मिसळू नका.

उलट आकडा लगेच का दिला नाही? भारतीय करार कायद्याप्रमाणे आपण वेगळी किंमत सांगितली की समोरचा मूळ प्रस्ताव संपतो. नंतर ‘बरं, ८६ द्या’ म्हणून त्याला धरता येत नाही. स्पष्ट नकारानेही तेच होतं, त्यामुळे ८६ वर परत यायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल तर आधी नीट विचार करा. पण उलट आकड्याने आणखी एक गोष्ट जाते: आपण किती खाली यायला तयार आहोत ते उघडं पडतं. फरक दहाव्या हिश्शाच्या आसपास असेल तर माझ्या मते आधी त्यालाच हलू द्यावं. तो तीन-चार टक्क्यांवर आला की आपला आकडा मुदतीसह द्यावा. मुदत टळली की तो प्रस्ताव आपोआप मिटतो.

समोरच्याची खरी अडचण किंमत की हातातली रोख, हेही गणिताने कळतं. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. ८६ लाखांवर त्याच्या पदरचे १७.२० लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्क ६.०२ लाख आणि नोंदणी ३०,००० मिळून २३.५२ लाख होतात. ९२ लाखांवर हेच २५.१४ लाख. म्हणजे किंमत सहा लाखांनी वाढली तरी आज उभे करायचे १.६२ लाखच, बाकी हप्त्यात जातं. बँकेचं मूल्यांकन आणि त्याचं उत्पन्न तेवढं पाहिजे, हे आलंच. खरेदीदार एकटी महिला असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. हा हिशेब बैठकीत कागदावर मांडला तेव्हा गाडी ८६ वरून हलली.

‘थोडे कॅशमध्ये घ्या, कागदावर किंमत कमी दाखवू’ याला मात्र दार उघडं ठेवायचं नाही. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. आणि किंमत सरकारी रेडी रेकनर दराखाली दाखवली तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या मूल्यावरच लागतं.

हे आधी सांगायला हवं होतं: घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी एकच उत्तर ठरवून ठेवा. एजंट दुपारी घरच्या नंबरवर फोन करतो, ‘साहेब, लास्ट बोला’ म्हणतो, आणि तिकडून ‘नव्वदपर्यंत बघू’ निघालं की लेखी उत्तरावर पाणी पडतं. दुसऱ्या मालकाने एवढंच म्हणावं: ‘ग्रुपवर लिहिलंय, तेच.’