लाभपाचमेनंतर भेटू

दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात कोणी काम करत नाही, सगळे आवराआवर करतात. तेवढ्यात केदार खुर्ची सरकवत आला. "ताई, जरा बघता का? ऑटो-रिप्लाय लिहिलाय."

केदार एक्स्पोर्टचे कागद बघतो. दांडिया बाजारात वाढलेला, त्यामुळे मराठीत निम्मी गुजराती. त्याच्या इंग्रजी मजकुराचा मथितार्थ असा: 'दिवाळीच्या शुभेच्छा! मी २६ तारखेपर्यंत रजेवर आहे. आई-बाबांना घेऊन कोकणात जातोय, तिथे नेटवर्क कमी असतं. ऑफिस लाभपाचमेनंतर उघडेल. तातडीचं असल्यास सौमिलशी संपर्क साधा.'

वाचायला गोड. पण '२६ पर्यंत' म्हणजे २६ला तो असेल की नसेल? आपण 'पर्यंत' म्हणताना ती तारीख धरतो की सोडतो, यावर घरातल्या घरात वाद होतो. हँबर्गच्या गिऱ्हाइकाने काय समजायचं? त्याला लाभपाचमही ठाऊक नाही. इथे बडोद्यात ती तारखेसारखीच चालते. त्या दिवशी दुकानं मुहूर्त करून उघडतात, हे शेंबडं पोरही सांगेल. २०२५ची लाभपाचम आली २६ ऑक्टोबरला, रविवारी. म्हणजे त्या दिवशी मुहूर्ताचा नारळ आणि पेढा, काम सोमवारी २७ला.

"तू सोमवारी येणार ना?"

"नाही, मी दोन दिवस वाढवून घेतलेत. बुधवारी, २९ला."

मग मजकुरात २६ कशाला? ती ऑफिसची सुट्टी, त्याची नव्हे. मेल पाठवणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते, 'मला उत्तर कधी मिळेल'. म्हणून रजा कधी संपते ते खोडलं आणि परतण्याचा दिवस लिहिला: बुधवार, २९ ऑक्टोबर. वार आणि महिना अक्षरांत. २९/१० मध्ये गोंधळ होत नाही, पण ५/११ कुणी अमेरिकन माणूस ११ मे वाचेल. सवय एकच असलेली बरी.

आउटलुकमध्ये सुरू आणि बंद होण्याची वेळ देता येते. केदारने बंद व्हायची वेळ २६ची रात्र ठेवली होती. म्हणजे २७ आणि २८ला जो मेल करेल त्याला ना केदार, ना ऑटो-रिप्लाय. हे दोन दिवस सगळ्यात वाईट, कारण समोरच्याला वाटतं, सुट्टी संपली आणि हा मुद्दाम गप्प आहे. ती २९ची सकाळ केली.

आता सौमिल. मी सहज विचारलं, "त्याला सांगितलंयस?" सांगितलं नव्हतं. सौमिल मागच्या टेबलावरच होता. त्याने स्क्रीन वळवून दाखवली. तोही तेवढेच दिवस बाहेर, आणि त्याच्या ऑटो-रिप्लायमध्ये तातडीसाठी नाव होतं केदारचं. दोघांच्या मध्ये तो हँबर्गवाला पिंगपाँगच्या चेंडूसारखा फिरला असता. हसून झालं, पण मुंद्रा पोर्टवर आमचा कंटेनर होता आणि बंदर काही लाभपाचमेची वाट बघत नाही. बीएलचा, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीचा, मसुदा गिऱ्हाइकाने ठरल्या वेळेत तपासून दिला नाही तर पुढे दुरुस्तीचे पैसे पडतात. शेवटी डिस्पॅचच्या मेहुलभाईंना विचारलं. ते गावातच होते. 'बरं, रोज सकाळी बघीन' म्हणाले, तेव्हा त्यांचं नाव घातलं, आणि कशासाठी तेही: फक्त निघालेल्या मालाच्या कागदांसाठी. नुसतं 'तातडीचं' लिहिलं तर भाव विचारणारासुद्धा स्वतःला तातडीचा समजतो.

राहिलं कोकण. आउटलुकमध्ये दोन चौकोन असतात, Inside My Organization आणि Outside My Organization. आई-बाबा, कोकण, नेटवर्क हे आतल्या चौकोनात खुशाल असू दे. आम्हाला कळलं की खाजा आणायला सांगता येतो. बाहेरच्या चौकोनात मात्र दहा दिवस घराला कुलूप आहे हे ज्याने त्याने वाचायची गरज नाही. जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्यालासुद्धा तेच उत्तर जातं.

केदारला हे फार बारीक वाटत होतं. "तिथून बदलता येईल की मोबाईलवरून." येईल, पण आउटलुक एका माणसाला त्या काळात एकदाच उत्तर पाठवतं. ज्याला चुकीचा मजकूर गेला, त्याने पुन्हा मेल केला तरी दुरुस्त केलेला त्याला पोचेलच असं नाही.

उरलं ते एवढंच: 'मी बुधवार, २९ ऑक्टोबरला परत येईन आणि त्यानंतर उत्तर देईन. निघालेल्या मालाच्या कागदांसाठी मेहुलभाईंना लिहा.' खाली त्यांचा मेल. शुभेच्छा ठेवल्या, दिवाळी आहे.

मी माझ्या खासगी मेलवरून एक पत्र टाकून बघितलं. उत्तर बरोबर आलं. मग म्हटलं, आता माझाही लावून टाकू. खिडकी उघडली तर गेल्या वर्षीचा मजकूर तसाच बसलेला, तारीख नोव्हेंबरातली.

केदार खांद्यावरून डोकावला. "ताई, तातडीसाठी हे नाव कोणाचं?"

त्यांनी नोकरी सोडून सहा महिने झाले होते.