सगळ्यांनी ऐकलेलंच मी परत का लिहितो

"कॉलवर आपण सगळेच होतो ना? रेकॉर्डिंगही आहे. मग संध्याकाळी दीड तास बसून तुम्ही परत तेच काय लिहीत बसता, आणि तेही नंबर घालून?"

क्लायंटबरोबरचा कॉल झाला की तुम्ही सहकारी मला हे विचारता. तेच लिहीत नाही, हे आधी सांगून टाकतो. कॉल चालू असताना वहीत जे उतरतं ते बोलण्याच्या ओघात उतरतं. लेआउटचं चाललेलं असताना मधेच कुणाला मागच्या आठवड्यातला पंप आठवतो, मग परत लेआउट. संध्याकाळी क्लायंटला जे नंबर घातलेल्या नोंदींचं पत्रक जातं, त्यात प्रत्येक मुद्द्याची जागा ठरवावी लागते: कामाची व्याप्ती स्पष्ट झाली, की आपण मंजुरी मागितली, की क्लायंटकडून काहीतरी यायचं राहिलं. त्या दीड तासातला बराचसा वेळ या ठरवण्यात जातो, टायपिंगला वीस मिनिटंही लागत नाहीत.

आणि रेकॉर्डिंगचं म्हणाल, तर तीन महिन्यांनी पाइपांची आयसोमेट्रिक ड्रॉइंगं काढायला बसलेला पाइपिंगवाला तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकणार नाही. त्याला ड्रॉइंगवरच्या होल्डसमोर, म्हणजे माहितीअभावी अडवून ठेवलेल्या भागासमोर, एक नंबर हवा असतो आणि त्या नंबरसमोर एक उत्तर. शिवाय लोक काय बोलले एवढंच रेकॉर्डिंगमधून कळतं. त्यावरून आपण काय करणार आहोत, हे त्यात कुठेच नसतं.

उदाहरण गुजरातमधल्या दहेज गावच्या एका केमिकल प्लांटचं घेतो, क्लायंटचं नाव राहू द्या. काम होतं नव्या ब्लॉकच्या कूलिंग वॉटरचं. रिअ‍ॅक्टर तीन, प्रत्येकाला ताशी ६० घनमीटर पाणी, म्हणजे एकूण १८०. सगळ्यांना पाणी वाटणारा मुख्य पाइप, म्हणजे हेडर, ८ इंची, पंप ताशी २०० घनमीटरचे दोन, त्यातला एक चालू आणि एक राखीव. कॉल संपत आला असताना त्यांच्या प्लांटचे इंजिनिअर सहज म्हणाले, "भविष्यमां बीजा बे रिअ‍ॅक्टर आवशे, एनुं प्रोव्हिजन राखी लेजो." म्हणजे पुढे आणखी दोन रिअ‍ॅक्टर येतील, त्यांची तरतूद ठेवा. आमच्याकडून कुणीतरी "हा हा, थई जशे" म्हटलं आणि कॉल संपला. सगळ्यांनी ऐकलं, हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. फक्त प्रत्येकाने वेगळं ऐकलं.

पाइपिंगवाल्याने ऐकलं की हेडरवर दोन टी, म्हणजे पुढच्या जोडणीसाठी दोन फाटे, त्यांना व्हॉल्व्ह आणि पुढे तोंड बंद करायला ब्लाइंड फ्लँज. एवढंच करायचं असेल तर खर्च किरकोळ आणि डिझाइनला अर्धा दिवस पुरे. प्रोसेसवाल्याने ऐकलं की हेडरच मोठा घ्यायचा. त्याचंही चूक नव्हतं. पाच रिअ‍ॅक्टर म्हणजे ताशी ३०० घनमीटर. ८ इंची पाइपात १८० असताना वेग सेकंदाला साधारण दीड मीटर येतो, ३०० झाले की २.६ च्या आसपास. घर्षणातला दाबाचा तोटा प्रवाहाच्या जवळपास वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेतीन पटींच्या घरात. १० इंची हेडर घेतला तर तोच ३०० चा प्रवाह १.६ मीटरने जातो. पण मग पाइप रॅकवरची जागा बदलते, सपोर्टवरचा भार बदलतो आणि सिव्हिलला कळवावं लागतं. क्लायंटच्या प्रोसेस विभागाच्या मनात तिसराच अर्थ होता, तो आम्हाला नंतर कळला: तिसऱ्या पंपाचा पाया, सक्शन हेडरला जोड, मोटर कंट्रोल सेंटरमध्ये एक जादा फीडर आणि कूलिंग टॉवरला आणखी एका सेलची जागा. हे आमच्या ऑर्डरमध्ये नव्हतंच.

त्या वाक्याचं पत्रकात काय झालं ते पाहा. आधी व्याप्तीच्या खान्यात एक नोंद. तिच्यात मूळ वाक्य जसंच्या तसं, मग आमची समज: पुरवठा आणि परतीचे दोन्ही हेडर १० इंची, दोन टी, व्हॉल्व्ह, ब्लाइंड फ्लँज. त्याखाली वेगळी ओळ: पंप, पाया, विद्युत फीडर आणि कूलिंग टॉवर यांत बदल नाही. ही नकाराची ओळ लिहिताना संकोच वाटतो, उगाच भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं. पण वाचणारा अडखळतो तो तिथेच. 'भविष्यातील तरतूद विचारात घेतली' एवढंच लिहिलं असतं तर तिघांनीही मान डोलावली असती, प्रत्येकाने आपापल्या अर्थाला.

दुसरी नोंद मंजुरीच्या खान्यात. मंजुरी मागायची तर प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता आलं पाहिजे. 'हेडर साइझबद्दल कळवावे' असं मी लिहीत नाही. पी अँड आयडीचा, म्हणजे पाइप आणि उपकरणांच्या आराखड्याचा, नंबर, रिव्हिजन, आणि 'हेडर ८ ऐवजी १० इंची करण्यास मंजुरी द्यावी' हे वाक्य. कोणी द्यायची, कधीपर्यंत, आणि त्या तारखेला आली नाही तर आपण काय करणार, हेही लिहितो. या वेळी लिहिलं होतं की उत्तर येईपर्यंत रॅकचं ड्रॉइंग सिव्हिलला जाणार नाही.

तिसरी नोंद यायच्या गोष्टींची, आणि ती नेमकी त्या ६० च्या आकड्याबद्दल. रिअ‍ॅक्टरच्या व्हेंडरचा अधिकृत डेटा आलेलाच नव्हता, तोपर्यंत ६० हे आम्ही गृहीत धरलं होतं. 'व्हेंडर डेटा प्रलंबित' एवढ्याने कुणी हलत नाही. म्हणून असं लिहिलं: प्रत्येक रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला लागणारं पाणी, आत जाताना आणि बाहेर पडतानाचं तापमान, आणि नोझलचा आकार, व्हेंडरच्या सही केलेल्या डेटाशीटवर. आकडा ६६ पर्यंत असेल तर निवडलेला पंप चालेल, कारण तिघांचे मिळून १९८ होतात. त्याच्या वर गेला तर पंप बदलेल, मोटरही बदलू शकेल. पंपाची ऑर्डर अमुक तारखेला जायची आहे, त्याआधी डेटा हवा. गृहीतकाची मर्यादा लिहिली की क्लायंटच्या प्रोजेक्ट मॅनेजरला या आकड्यासाठी व्हेंडरच्या मागे का लागायचं ते कळतं. नाहीतर त्याच्याकडे अशा चाळीस गोष्टी असतात आणि आपली चाळिसावी.

दोन दिवसांनी त्यांच्या प्रोजेक्ट मॅनेजरचं उत्तर आलं: १० इंची मंजूर, पंप आणि पाया आत्ता नको. पुढे पाया भरायची वेळ आली तेव्हा त्यांचा प्रोसेस विभाग साइटवर येऊन विचारू लागला की तिसऱ्या पंपाचा पाया कुठे आहे, कॉलवर ठरलं होतं. नोंदीचा नंबर आणि उत्तराची मेल पुढे केली, जादा कामाचा प्रस्ताव दिला, तो मान्यही झाला. तुम्हाला ही गोष्ट इथपर्यंत माहीत आहे आणि म्हणूनच तुम्ही "बरं झालं लिहिलं होतं" असंही म्हणता. मग पुढच्याच सोमवारी पुन्हा विचारता की एवढं काय लिहिता.

पुढचा भाग मी फारसा सांगत नाही. मूळ वाक्यासमोर त्या इंजिनिअरचं नाव होतं. त्यांच्या वरच्या माणसाने पत्रक उघडून विचारलं की असं मोघम तू बोललासच कसा. त्यानंतर ते कॉलवर असतात, पण बोलत नाहीत. काही विचारलं की "मेल करो, जोई लईशुं". साइटवरची खरी माहिती, जुनी लाइन कुठून गेलीय, कुठला व्हॉल्व्ह गळतो, ही त्यांच्याकडूनच मिळायची. ती बंद झाली.

आधी माझं मत पक्कं होतं की नाव हवंच, नावाशिवाय नोंदीला वजन नाही. अजूनही मंजुरीच्या खान्यात मला नाव हवं आहे, कारण मंजुरी कोणी दिली यावरच ती मंजुरी आहे की नाही हे ठरतं. पण सुचवणाऱ्याचं नाव लिहून काय साधलं? त्या नोंदीचं काम 'प्लांट विभागाकडून सूचना' एवढ्याने भागलं असतं. यावर माझाच जुना आवाज म्हणतो की विभाग लिहिलास तर उद्या विभागात कुणीच बोललं नव्हतं असं निघेल. तेही होतं, पाहिलेलं आहे.

तुमचा आणखी एक टोमणा असतो, की मी क्लायंटला कोर्टात उभं करायच्या तयारीने लिहितो. तसं असतं तर भाषा वेगळी असती. 'क्लायंटने डेटा दिला नाही' असं मी लिहीत नाही. 'अमुक तारखेपर्यंत प्राप्त नाही' असं लिहितो. मूळ तारीख खोडत नाही, नवी तारीख शेजारी येते. मुद्दा संपला तर ओळ काढत नाही, 'बंद' लिहून कुठल्या मेलने बंद झाला ते टाकतो. नंबर परत वापरत नाही. एवढी शिस्त पाळली की उशिराचा हिशेब आपोआप दिसतो आणि कुणाला दोष द्यावा लागत नाही.

कायद्याची एकच बाब मी डोक्यात ठेवतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. "हो, चालशे, फक्त पंपनुं जरा जोई लेजो" ही माझ्या हिशेबात मंजुरी नाही. असं उत्तर आलं की तो मुद्दा उघडाच ठेवायचा आणि पंपाचं काय बघायचं याची वेगळी नोंद करायची. 'टिप्पण्यांसह मंजूर' असा शिक्का मारून ड्रॉइंग परत येतं तेव्हाही हेच. टिप्पण्या एकेक करून वाचायच्या, कारण 'इथे एक जादा बायपास द्यावा' हे डिझाइनमधली दुरुस्ती म्हणून येतं आणि निघतं नवं काम. आणि पत्रकाखाली 'दोन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजू' असं आपण कितीही ठळक लिहिलं, तरी तशी अट करारात नसेल तर त्यावर विसंबू नये. मी ती ओळ लिहितो, पण महत्त्वाच्या मुद्द्यावर फोन करून उत्तराची मेल मागून घेतो.

उलट बाजूही सांगतो, कारण तुम्ही ती कधी विचारत नाही. पत्रक लिहिणाऱ्याच्या हातात ताकद असते. कॉलवर कुणी नुसतं "हं" म्हटलं असेल तर 'क्लायंटने मान्य केले' असं लिहिणं फार सोपं आहे, आणि आपल्या सोयीची नवी कामं स्पष्टीकरण म्हणून आत सरकवणंही. असं दोनदा झालं की समोरचा प्रत्येक ओळीवर हरकत घेतो आणि पत्रक निरुपयोगी होतं. म्हणून 'चर्चा झाली', 'सुचवले', 'मान्य केले' हे तीन शब्द मी मोजून वापरतो. तुम्ही त्या दीड तासाला हसता, त्यातला बराच वेळ यातला कुठला शब्द लावायचा यावर जातो.

सध्या सूचनेपुढे विभाग आणि मंजुरीपुढे नाव असं चाललं आहे. क्लायंटच्या प्रोजेक्ट मॅनेजरला ते पसंत नाही, त्यांना दोन्हीकडे नावं हवी आहेत. प्लांटचे इंजिनिअर अजून कॉलवर बोलत नाहीत, पण परवा त्यांनी जुन्या लाइनचं एक हाताने काढलेलं स्केच फोनवर पाठवलं. ते नोंदीत कोणाच्या नावाने घ्यायचं, यावर मी अजून अडलोय.