आमची वाटचाल: अर्ज मागण्याआधीचे सात आठवडे

आमची संस्था लहान आहे. आम्ही व्यावसायिकांसाठी ईमेल लिहितो. सुरुवातीला कोणाचेही काम घ्यायचो, पण एका गृहकर्ज सल्लागाराचे काम आले आणि आमची दिशा ठरली. आज बहुतेक काम याच क्षेत्रातले आहे.

त्या सल्लागारांकडे चौकशा भरपूर यायच्या, अर्ज मात्र थोडे. चौकशी आली की दुसऱ्याच दिवशी ‘कागदपत्रे पाठवा’ असा मेल जायचा आणि पुढे आठवडाभर त्याचीच आठवण. पहिल्यांदा घर घेणारा माणूस त्या वेळी कागदपत्रांपर्यंत पोहोचलेलाच नसतो. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी आम्ही त्यांच्याकडे फोनवर विचारलेले प्रश्न मागितले, अगदी लोकांच्याच शब्दांत. यादीत व्याजदर वरच्या क्रमांकावर नव्हता. सर्वांत आधी होते, ‘तुम्ही पैसे घेत नाही, मग तुमचे पोट कशावर चालते?’

पहिला मेल फक्त ओळखीचा ठेवला: पुढचे सात आठवडे दर आठवड्याला एक मेल येईल, कशाबद्दल येईल आणि नको असल्यास कसा थांबवायचा. दुसऱ्या मेलचा विषय तोच अडलेला प्रश्न. कर्जाची रक्कम वितरित झाल्यावर कर्ज देणारी संस्था मला कमिशन देते, प्रत्येक संस्थेचे कमिशन सारखे नसते, म्हणून मी तुम्हाला किमान तीन प्रस्ताव शेजारी शेजारी मांडून दाखवीन, असे सल्लागाराने स्वतःच्या नावाने लिहिले. हे लिहायला ते आधी कचरत होते. माझे मत ठाम होते की हे वाक्य ज्या सल्लागाराला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी पुढचे मेल लिहून उपयोग नाही.

तिसऱ्या मेलवर आमचा सर्वांत जास्त वेळ जातो. तो हप्त्याचा आहे. ‘किती कर्ज मिळेल’ हे सगळेच सांगतात, पण धास्तावलेल्या माणसाला आपण कशात अडकणार हे दिसायला हवे असते. म्हणून एकच उदाहरण घेतो: १ लाखाचे कर्ज, ९ टक्के दर, २० वर्षे. मासिक हप्ता साधारण ९०० येतो. पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजाचे आणि फक्त १५० मुद्दलाचे. पाच वर्षांत ५४ हजार भरले जातात, तरी मुद्दल उरते जवळजवळ ८८,७००. हेच कर्ज १५ वर्षांचे घेतले तर हप्ता १,०१४ होतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख १६ हजारांवरून ८२,६०० वर येते. वाचकाने आपली रक्कम जितके लाख असेल तितक्याने हे आकडे गुणायचे. सोबत एक सूचना असते: हा हप्ता आणि सध्याचे भाडे यांतला फरक तीन महिने बाजूला टाकून पाहा. जमले तर पुढे बोलू, नाही जमले तर कर्जाची रक्कम कमी करू.

आकड्यांच्या मेलमध्ये एक धोका असतो. दर बदलला की जुना मेल खोटा ठरतो. त्यामुळे ‘आजचा दर’ आम्ही मालिकेत लिहीतच नाही, उदाहरणाचा दर उदाहरण म्हणूनच लिहितो.

चौथा मेल पतअहवालाचा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने पतगुण घटत नाही. अनेक ठिकाणी एकदम अर्ज टाकले तर मात्र त्यावर परिणाम होऊ शकतो. पाचवा मेल हप्त्यापलीकडच्या खर्चांचा आणि सहावा पूर्वमंजुरीचा. पूर्वमंजुरी म्हणजे अंतिम कर्ज नव्हे, मालमत्तेची कागदपत्रे आणि मूल्यांकन यांवर ती अडू शकते, हे त्यात स्पष्ट असते. कागदपत्रांची यादी सातव्या मेलमध्ये येते, तीही भेटीच्या वेळेसोबत.

यश मोजायला आम्ही मेल किती जणांनी उघडला यावर विसंबत नाही. २०२१ मध्ये अ‍ॅपलने मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची सोय आणल्यापासून माणसाने न पाहिलेला मेलही उघडल्याची नोंद होऊ शकते. आम्ही उत्तरे मोजतो, म्हणून प्रत्येक मेलच्या शेवटी एकच सोपा प्रश्न असतो. एका वाचकाचे चार आठवडे काहीच उत्तर नव्हते. खर्चांच्या मेलवर त्यांनी लिहिले, ‘बाजूला ठेवलेले सगळे डाउन पेमेंटला गेले तर हे कशातून भरायचे?’ त्याच क्षणी त्यांची मालिका थांबली आणि सल्लागारांनी स्वतः फोन केला. ठरले असे की कर्ज थोडे वाढवायचे नाही, घराची मर्यादाच खाली आणायची. उत्तर आले की आपोआप जाणारे मेल बंद, हा नियम आम्ही कधीच मोडत नाही. माणूस अडचण सांगतो आहे आणि त्याला पूर्वमंजुरीचा ठरलेला मेल जातो, यासारखा विश्वास तोडणारा प्रकार दुसरा नाही.

सात आठवड्यांनंतरही निर्णय न झालेल्यांना महिन्याला एकच मेल जातो. सध्या आम्ही जोडीने कर्ज घेणाऱ्यांसाठी वेगळी मालिका आखत आहोत. मेल एकाकडे येतो, पण सही दोघांची लागते. त्यामुळे तिसऱ्या मेलमधले हप्त्याचे गणित त्यांच्यासाठी असे मांडतो आहोत, की ते दोघांना एकत्र बसून, दोघांचे उत्पन्न आणि एकाचेच उत्पन्न धरून, दोनदा करता येईल.